चपला गाडीत होत्या: प्री-वेडिंगच्या एका फोटोचं कॅप्शन

गेल्या रविवारी वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आमचं प्री-वेडिंग शूट झालं. दीडशे फोटोंतला मला एकच मनापासून आवडलाय, आणि तो पोज दिलेला नाहीये. मी पायरीवर बसून चपला घालतेय, तो शेजारी माझ्या हिल्स हातात धरून नदीकडे बघत उभा आहे. (हिल्समध्ये पाय दुखायला लागले होते. त्याने सकाळीच आईकडून माझ्या साध्या चपला मागून गाडीत टाकल्या होत्या, मला दुपारी कळलं.) मी लिहिलेलं कॅप्शन: ‘तुझ्यासोबतचा प्रत्येक क्षण म्हणजे एक सुंदर, स्वप्नवत प्रवास’. वाचून मलाच कसंतरी होतं. रोमँटिक तर हवंय, पण ओढूनताणून केलेलं नको. घरचे, सासरचे, ऑफिसचे सगळेच बघणार. काय लिहू?

*

तुमचं कॅप्शन तुम्ही आधीच लिहिलंय, फक्त ते कंसात टाकून दिलंय.

मी पंधरा वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. अल्बम पोचता केला की चार दिवसांनी फोन येतो, ‘दादा, ह्या फोटोखाली काय टाकू?’ त्यामुळे फोटो काढायचं काम माझं आणि ओळी जुळवायचं कामही हळूहळू माझ्याच गळ्यात पडलं. आता मी ओळी सुचवतच नाही. आधी विचारतो, ‘शटर दाबायच्या आधीची पाच मिनिटं काय चाललं होतं?’ नवरामुलगा आणि नवरीमुलगी दोघांना वेगवेगळं विचारतो, कारण एकत्र विचारलं की दोघं एकमेकांकडे बघून हसतात आणि ‘काही नाही, असंच’ म्हणतात. तुम्ही न विचारताच सांगितलंत, त्यामुळे माझं निम्मं काम झालं.

तुमची ओळ वाचून तुम्हाला कसंतरी का होतं, ते आधी बघू. त्या ओळीत तुम्ही दोघं कुठेच नाही. क्षण आहे, स्वप्न आहे, प्रवास आहे, पण हिल्स नाहीत, पायऱ्या नाहीत आणि तो तर अजिबातच नाही. ‘तुझ्यासोबतचा’ म्हटलंय, पण ह्या ‘तू’ने केलं काय, हे कळत नाही. ओळीत क्रियापदच नाही, ‘म्हणजे’वर सगळं टेकलंय. लग्नपत्रिकेवरच्या मजकुरासारखी ती कुणाच्याही घरी चालेल, आणि म्हणूनच ती वाचताना तुमचा आवाज तुम्हाला सापडत नाही. क्षण, प्रवास, सोबत, साथ, स्वप्न, रेशीमगाठ, सात जन्म हे शब्द वाईट आहेत असं नाही. पण पत्रिका, हॉलबाहेरचा फलक आणि व्हिडिओचं टायटल अशा तिन्ही ठिकाणी ते आधीच येणार आहेत. फोटोखाली चौथ्यांदा कशाला?

आता कंसातला मजकूर बघा. माणसाने सकाळी सकाळी कुणाच्या घरी जाऊन होणाऱ्या सासूकडे चपला मागणं ही काय साधी गोष्ट आहे? त्यात त्याला तुमचा हट्ट ठाऊक आहे, हिल्स घालू नकोस असं सांगून उपयोग नाही हे ठाऊक आहे, पाय दुखणार हे ठाऊक आहे, आणि ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ असं न म्हणता गाडीकडे जायचं शहाणपणही आहे. एवढं सगळं त्या चपलांमध्ये आहे. तेव्हा आपल्याला प्रेम, काळजी, समजूतदारपणा यांतला एकही शब्द लिहायचा नाहीये. फक्त चपला नीट मांडायच्या आहेत.

मी तुमच्या मजकुरावर बसून चार-पाच खर्डे केले. सगळे दाखवतो, कारण कुठे बिघडतं ते खर्ड्यांतच कळतं.

पहिला असा झाला:

‘माझ्या चपला सकाळीच आईकडून मागून गाडीत टाकणारा माझा होणारा नवरा.’

माहिती सगळी आहे, पण हे ‘-णारा’ फार घात करतं. काळजी घेणारा, समजून घेणारा, चपला टाकणारा असं म्हटलं की वाक्य गुणपत्रक होतं आणि आपण त्याला सगळ्यांसमोर उभं करून शाल-श्रीफळ देतोय असं वाटतं. घडलेली गोष्ट मराठीत भूतकाळी क्रियापदाने सांगावी, विशेषणात कोंबू नये.

दुसरा:

‘मेणवलीच्या घाटावर हिल्समुळे पाय दुखायला लागले तेव्हा ह्याने गाडीतून चपला आणून दिल्या, ज्या त्याने सकाळीच आईकडून मागून घेतल्या होत्या.’

हा पंचनामा आहे. ‘ज्या त्याने’ आलं की समजायचं, गोष्ट शेपटाकडून पकडली गेली. शिवाय फोटोत जे दिसतंय तेच आपण परत सांगतोय. घाट दिसतोय, हिल्स त्याच्या हातात दिसताहेत, चपला तुमच्या पायात जाताना दिसताहेत. आणि ठिकाणाचं नाव वर लोकेशनमध्ये येणारच आहे, ते ओळीत घालून जागा कशाला अडवायची? मेणवलीत शूट केलेली बरीच मंडळी नाना फडणवीसांचा वाडा आणि १७३९ साली वसई जिंकल्यावर आणलेली ती पोर्तुगीज घंटा ह्यांचाही उल्लेख करायच्या मोहात पडतात. घंटेसमोरच फोटो काढला असेल तरीही मी नको म्हणेन. ती गोष्ट घंटेची आहे, तुमची नाही.

तिसरा:

‘हिल्सचा हट्ट माझा. चपलांचं डोकं ह्याचं.’

हा लिहिल्यावर मी स्वतःवर खूश झालो होतो, दहा मिनिटं. मग मोठ्याने वाचला. दोन्ही वाक्यं एका मापाची, माझा-ह्याचा असा ठेका, आणि ऐकताना बुटांच्या दुकानाची पाटी वाटते. तुम्हाला जे ‘ओढूनताणून’ नको आहे ते हेच. माणूस आपल्या मैत्रिणीला फोनवर असं मोजून-मापून सांगत नाही. ‘चपलांचं डोकं’ हे तर बोलण्यातही कुणी म्हणणार नाही, ते फक्त माप जुळवण्यासाठी आलं.

चौथ्यात मी त्याला वाक्यातून बाहेरच काढलं:

‘हिल्स मी हट्टाने घातल्या. साध्या चपला गाडीत आहेत हे मला दुपारी कळलं.’

इथे जमायला लागलं. चपला कुणी ठेवल्या हे लिहिलेलं नाही. वाचणारा क्षणभर थांबतो, नजर वर फोटोकडे जाते, तिथे हातात हिल्स घेऊन हा बाबा नदीकडे बघत उभा आहे. उत्तर त्याला स्वतःला सापडतं. कॅप्शन वाचून माणूस पुन्हा फोटोकडे वळला तर ओळीने काम केलं असं मी धरतो. वरच्या तिन्ही खर्ड्यांत तो वळत नव्हता, कारण वळायला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

मग एवढंच राहिलं होतं की ओळ जरा कोरडी होती. गोड शब्द घालून ती ओली करण्याऐवजी मी तुमच्या कंसात परत गेलो. तिथे अजून एक माणूस होतं:

‘हिल्स मी हट्टाने घातल्या. साध्या चपला गाडीत आहेत हे मला दुपारी कळलं. आईला सकाळीच माहीत होतं.’

हे टाका.

आईमुळे काय झालं बघा. तो आणि आई यांच्यात तुमच्या नकळत एक छोटा कट शिजला होता, आणि तुम्ही दुपारपर्यंत त्याच्या मधोमध हिल्स घालून मिरवत होतात. हसू येतं, आणि हसता हसता कळतं की हा मुलगा घरात शिरलाय. सासरच्यांना आपल्या मुलाचं कौतुक सापडेल, ऑफिसच्यांना विनोद सापडेल, आईला तिचं तिचं कळेल. कुणी विचारेल, ‘आई म्हणजे कुणाची?’ विचारू देत, तेवढीच एक कमेंट.

भाषेबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण मराठीत ओळ बहुतेक वेळा तिथेच घसरते.

एक म्हणजे ‘कळलं’ आणि ‘कळले’. तुम्ही बोलताना ‘कळलं, होतं, घातलं’ म्हणता, आणि लिहायला बसलात की शाळा आठवून ‘कळले, होते, घातले’ होतं. ह्याच कॅप्शनमध्ये ‘हे मला दुपारी कळले, आईला सकाळीच माहीत होते’ करून बघा. एक अक्षर बदललं आणि बाई एकदम निवेदिका झाल्या. लेखात, अर्जात तो घाट चालतो. फोटोखाली चालत नाही, कारण तिथे वाचणाऱ्याला तुमचा आवाज ऐकू यायला हवा. मात्र एकदा बोलीचं रूप घेतलंत की शेवटपर्यंत तेच ठेवा. दुसऱ्या वाक्यात ‘कळलं’ आणि तिसऱ्यात ‘होते’ असं झालं की लगेच कळतं, अर्धी ओळ कुठून तरी उचललीय.

दुसरं म्हणजे ‘हा’, ‘तो’ आणि ‘तू’. वरच्या ओळीत त्यातलं काहीच नाही, पण पुढच्या फोटोंना लागेल. ‘तू’ म्हटलं की पत्र होतं, आणि सगळ्यांसमोर वाचलेलं पत्र चटकन नाटकी वाटतं. ‘तो’ म्हटलं की माणूस जरा लांब उभा राहतो. ‘हा’ मात्र शेजारी असतो. ‘हा म्हणाला’, ‘ह्याला विचारलं तर’ ह्यात जवळीक आपोआप येते, ती वेगळी सांगावी लागत नाही. आपल्या आज्या नाव न घेता ‘हे’ म्हणायच्या, त्यातलाच हा प्रकार, फक्त एक मात्रा कमी झाली. तुमच्या आत्याबाईंना ‘हा’ खटकला तर त्यांना म्हणावं, लग्नानंतर बघू.

आज्यांवरून आठवलं. नाव घ्यायची आपली रीत बघा. ‘भाजीत भाजी मेथीची, अमुकराव माझ्या प्रीतीचे’. ह्यात प्रीती शब्द आहे तरी तो ओशाळवाणा वाटत नाही, कारण त्याच्या आधी मेथी येऊन बसलीय. मेथीने जमीन धरून ठेवली म्हणून प्रीतीला उडता आलं. याउलट हल्ली ज्या उखाण्यांत चांदणं, सागर आणि स्वप्नं एकाच ओळीत येतात, ते म्हणताना नवरीचीच जीभ अडखळते. तेव्हा तुम्हाला एखादा मोठा शब्द वापरायचाच असेल तर एकच वापरा आणि त्याच्या आधी घरातली एक वस्तू ठेवा. तुमच्या ओळीत चपला इतक्या भक्कम आहेत की मोठ्या शब्दाची गरजच लागली नाही.

आता हा फोटो त्यालाही टाकायचा असेल. त्याने चपलांची गोष्ट सांगायची नाही. ज्याने केलं त्याने सांगितलं की ती बढाई होते, ज्याच्यासाठी केलं त्याने सांगितलं की प्रेम दिसतं. त्याने आपलं साधं लिहावं, ‘हातातल्या सँडल माझ्या नाहीत.’ बस. तुमची ओळ वाचून आलेला माणूस हे वाचून हसेल, आणि दोन ओळी मिळून एक गोष्ट पुरी होईल. दोघांनी तीच ओळ टाकू नका. एकाच कॅप्शनच्या दोन पोस्ट बघितल्या की ठरवून केलंय हे उघडं पडतं.

ठरवून करण्याबद्दल एक किस्सा सांगतो. पवनेच्या जलाशयाकाठी एका जोडप्याचं शूट केलं होतं. संध्याकाळ, वारा, तिची ओढणी उडतेय आणि तो ती पकडतोय. प्रत्यक्षात वारा नव्हताच. ओढणीचं टोक माझ्या असिस्टंटने उडवलं होतं, नऊ वेळा, आणि मुलीच्या चेहऱ्यावर उजेड यावा म्हणून तिच्या मावसभावाला मी रिफ्लेक्टर धरून गुडघ्यावर बसवलं होतं. फोटो छानच आला. मुलाने खाली लिहिलं, ‘नकळत टिपलेला एक क्षण’. वीस मिनिटांत मावसभावाची कमेंट आली, ‘नकळत? माझे गुडघे विचारा.’ पुढे तीन दिवस त्या फोटोखाली फक्त गुडघ्यांची चौकशी चालली होती.

त्या फोटोत खोटं काहीच नव्हतं, पोज दिलेला फोटो हा पोज दिलेलाच असतो. खोटी होती ती खालची ओळ. प्री-वेडिंग म्हटलं की ड्रोन, मेकअप, तीन कपडे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुमचे उरलेले एकशे एकोणपन्नास फोटो तसलेच असणार, आणि त्यातला एखादा तुम्हाला टाकायचा असेलच. तेव्हा सरळ कबूल करा. ‘एकमेकांच्या डोळ्यांत बघा म्हणाले. हसू थांबेपर्यंत ऊन गेलं.’ किंवा, ‘ह्या फोटोत मी लांब कुठेतरी बघतेय. तिकडे वडापावची गाडी होती.’ अर्थात गाडी असली तरच. फोटो जितका भव्य, ओळ तितकी साधी ठेवायची. मावळता सूर्य, उडता घागरा आणि खाली पुन्हा ‘तूच माझं आकाश’ असं झालं की दोन्हीकडून साखर पडते आणि चहा पिववत नाही. उलट फोटो तुमच्यासारखा घरगुती असेल तर ओळीला थोडी ऊब परवडते. आपण ती आईच्या वाक्यात ठेवली.

एक चूक उलट्या दिशेनेही होते. ओव्हर नको म्हणून काही जण इतकं आतलं लिहितात की दोघांपलीकडे कुणाला पत्ता लागत नाही. ‘पुन्हा तेच! २७ नंबर!’ असं काहीतरी. वाचणाऱ्याला आपण चुकून दुसऱ्यांच्या खोलीत शिरलो असं वाटतं. तुमच्या ओळीत तो धोका नाही, कारण हिल्स चावणं सगळ्यांना कळतं. ही पारख करायची सोपी युक्ती अशी, की ओळ फोटोशिवाय बहिणीला नुसती वाचून दाखवा. ‘कुठून घेतलंस?’ असं तिने विचारलं तर ती ओळ गेली. ‘म्हणजे काय?’ म्हणाली तर फार आतली झाली. ‘मग? कुणी ठेवल्या होत्या?’ असं विचारलं की फोटो पुढे करा.

टाकताना काय बघायचं तेही सांगतो. इन्स्टाग्रामवर फीडमध्ये कॅप्शनची सुरुवातच दिसते, साधारण सव्वाशे अक्षरांच्या पुढचं दाबल्याशिवाय उघडत नाही. आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं, ‘मी’ हे एक अक्षर तिथे दोन होतं. त्यामुळे देवनागरी ओळ दिसते त्यापेक्षा लवकर भरते. वरची तीन वाक्यं मोकळ्या जागा धरून ९२ होतात, म्हणजे आई बाहेरच राहते, आत लपत नाही. मात्र ती सलग लिहा. प्रत्येक वाक्यानंतर एंटर मारलात तर ओळी वाढतात आणि नेमकं आईचं वाक्य घडीच्या आत जातं. आधी एक रिकामी ओळ, मग हार्ट, मग पुन्हा रिकामी ओळ, असलं तर करूच नका.

हार्ट मी एकही ठेवणार नाही. शेवटी लाल बदाम आला की वाचणाऱ्याला आपण सांगतो, ‘हे रोमँटिक होतं बरं का.’ त्याला ते आधीच कळलेलं असतं. दोघांच्या नावांची मोडतोड करून केलेला हॅशटॅग असेलच, आणि हल्ली असतोच, तर तो पहिल्या कमेंटमध्ये टाका. फोटोग्राफरचं नावही तिथेच चालेल. हे मी माझ्या धंद्याविरुद्ध बोलतोय.

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला हीच ओळ टाकणार असाल तर थोडं सांभाळा. तिथे कॅप्शन फोटोच्या खालच्या भागावर येऊन बसतं, आणि उभ्या फोटोत खालच्या भागात असतात पाय. तुमच्या फोटोचा सगळा जीव त्या चपलांमध्ये, आणि त्यावरच अक्षरं आली तर काय उपयोग? तिथे फक्त ‘आईला सकाळीच माहीत होतं.’ एवढंच टाका, किंवा फोटोला खाली थोडी काळी पट्टी जोडून घ्या. मामा-काकू फोन करून विचारतील काय माहीत होतं म्हणून. सांगा त्यांना, तेवढंच बोलणं होईल.

इंग्रजीत लिहू का, असं पुढे विचाराल म्हणून आधीच सांगतो. ऑफिसमध्ये अमराठी लोक असतील तर खाली वेगळ्या परिच्छेदात त्यांच्यासाठी एक ओळ टाका, पण मराठीचं भाषांतर करू नका. ‘हट्ट’ला तिकडे जो शब्द मिळेल त्यात लाड नसतो, नुसता अडेलपणा असतो. त्यांच्यासाठी त्याचीच सँडलवाली ओळ वेगळ्या शब्दांत लिहा, ती कुठेही चालते.

आणि पोस्ट करायच्या आधी आईला वाचून दाखवा, तिचं नाव नसलं तरी ती त्यात आहे. माझा अंदाज आहे की ती म्हणेल, ‘अगं, साध्या कसल्या, त्या निळ्या पट्ट्याच्या दिल्या मी त्याला.’ तसं म्हणाली तर ‘साध्या’ खोडा आणि ‘निळ्या’ लिहा.